अंगाला भाजलेलं नाही आणि सॅच्युरेशन ९९ : बर्न्सच्या ड्यूटीवर पहिल्यांदा येणाऱ्यांसाठी

घराच्या आगीतून कॅज्युअल्टीत येणारा भाजलेला रुग्ण दारातच ओळखू येतो आणि सगळे त्याच्याकडे धावतात. त्याच ॲम्ब्युलन्समधून कधीकधी आणखी एक जण उतरतो. तो बसता झालेला असतो, चेहऱ्यावर काजळी, हातावर एखाददुसरा फोड, आणि बरोबरचे नातेवाईक सांगत असतात, "डॉक्टर, नशीब, अंगाला काही झालं नाही." मी भूलतज्ज्ञ आहे आणि बर्न्स वॉर्डाला जोडलेल्या आयसीयूत बरीच वर्षं काम करते आहे. नवे रेसिडेंट आले की मी आधी या दुसऱ्या रुग्णाबद्दल बोलते, कारण त्वचेच्या भाजण्याची टक्केवारी काढायला तुम्हाला कोणीही शिकवेल, पण धुरात सापडलेल्या माणसाला आपल्याकडे खूपदा कोपऱ्यातल्या बेडवर बसवून ठेवलं जातं.

मुंबईत ६ ऑक्टोबर २०२३ च्या पहाटे गोरेगावच्या जय भवानी इमारतीत आग लागली ती तळमजल्यावरच्या पार्किंगमध्ये, आणि वरच्या मजल्यांवर झोपलेल्या लोकांपर्यंत पोचला तो धूर. घराच्या आगीत बहुतेक वेळा असंच होतं. आग एका खोलीत असते, धूर सगळीकडे.

हा धूर श्वसनमार्गाला तीन प्रकारे इजा करतो, आणि त्या तिन्हींचा वेग वेगळा असतो. विषारी वायूंचा परिणाम मिनिटांत होतो. उष्णतेनं घशाला आलेली सूज काही तासांत वाढते. काजळीनं आणि तिच्यावर बसून आलेल्या रसायनांनी खालच्या श्वासनलिकांचं केलेलं नुकसान दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उघडं पडतं. म्हणजे पहिल्या तासात ठीक दिसणारा माणूस पुढच्या दोन टप्प्यांतून अजून जायचाच असतो. एक केस सांगते, ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलून.

पन्नाशीचे एक गृहस्थ. रात्री अडीचच्या सुमारास हॉलमधल्या सोफ्यानं पेट घेतला, ते आतल्या खोलीत झोपलेले होते. दार उघडलं तेव्हा हॉल धुरानं भरलेला होता. अग्निशमन दलाच्या जवानांनी त्यांना बाहेर काढलं. ॲम्ब्युलन्समध्ये साधा ऑक्सिजन मास्क लावला आणि साधारण चाळीस मिनिटांत ते आमच्याकडे पोचले. भाजलेलं जेमतेम तीन टक्के, कपाळ आणि उजव्या हाताची मागची बाजू. सॅच्युरेशन ९९, नाडी ११८, रक्तदाब ९४/६०. डोकं दुखतंय म्हणत होते, एकदा उलटी झाली होती, वार विचारला तर सांगता येत नव्हता. आवाज थोडा घोगरा. बायको म्हणाली, "आवाज असा नाही हो यांचा."

आधी त्या ९९ कडे बघू. साधा पल्स ऑक्सिमीटर दोन तरंगलांबींच्या प्रकाशावर चालतो आणि त्याला ऑक्सिजन धरलेलं हिमोग्लोबिन आणि कार्बन मोनॉक्साइड धरलेलं हिमोग्लोबिन यांतला फरक कळत नाही. दोन्ही त्याच्या लेखी लालच. कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो, आणि उरलेल्या हिमोग्लोबिनलाही हातातला ऑक्सिजन पेशींकडे सहज सोडू देत नाही. एबीजीतला PaO₂ इथे उपयोगाचा नाही. तो रक्तात विरघळलेला ऑक्सिजन मोजतो आणि तो तर मास्कमुळे भरपूर असतो. कार्बॉक्सिहिमोग्लोबिन कळायला को-ऑक्सिमीटर असलेलं एबीजी मशीनच लागतं. आपल्या रुग्णालयात तसं मशीन कुठल्या मजल्यावर आहे हे ड्यूटीच्या पहिल्याच दिवशी सिस्टरांना विचारून ठेवा.

या गृहस्थांचं कार्बॉक्सिहिमोग्लोबिन २८ टक्के आलं. म्हणजे पडद्यावर ९९ दिसत असताना खरं ऑक्सिजन वाहणारं हिमोग्लोबिन सत्तरीच्या आसपास होतं. शिवाय हा आकडा आपल्या दारातला आहे, आगीतला नाही. साध्या हवेत कार्बन मोनॉक्साइड निम्मा व्हायला चार ते पाच तास लागतात, शंभर टक्के ऑक्सिजनवर साधारण तासाभरापासून दीड तासापर्यंत. चाळीस मिनिटं मास्कवर काढून २८ उरला असेल तर घरातून बाहेर काढलं तेव्हा तो पस्तीस ते चाळीसच्या दरम्यान असावा. म्हणून आकडा लिहिताना शेजारी वेळ लिहा, आणि कोणता मास्क किती वेळ होता तेही. आकडा कमी आला म्हणून विषबाधा नव्हती असं ठरवू नका, उशिरा आलेल्या रुग्णात तो उतरलेलाच सापडतो. उपचार मात्र आकड्याची वाट बघत नाही. रुग्ण आत येताक्षणी रिझर्व्हायरची पिशवी असलेला मास्क, १५ लिटर, आणि पिशवी फुगलेली आहे ना हे स्वतः बघायचं.

त्याच एबीजीत लॅक्टेट ११ होतं. तीन टक्के भाजलेल्या माणसात इतकं लॅक्टेट कुठून आलं, हा प्रश्न त्या क्षणी पडला पाहिजे. सोफ्यातला पॉलियुरेथेन फोम, नायलॉन, लोकर, रेशीम, म्हणजे ज्यात नायट्रोजन आहे ते जळलं की हायड्रोजन सायनाइड तयार होतो. रक्तात ऑक्सिजन असूनही तो पेशींना वापरू देत नाही. सायनाइडची रक्तपातळी वेळेवर मिळत नाही, म्हणून अंदाज बांधावा लागतो. बंद जागेतला धूर, गोंधळलेला रुग्ण, उतरलेला रक्तदाब आणि फारसं भाजलेलं नसताना १० किंवा त्याहून जास्त लॅक्टेट, एवढं जुळलं की मी सायनाइड धरून चालते. कार्बन मोनॉक्साइडनंही लॅक्टेट वाढतं, पण एकट्यानं इतकं सहसा वाढत नाही.

यावर सर्वांत चांगलं औषध हायड्रॉक्सोकोबालामिन, मोठ्या माणसाला ५ ग्रॅम शिरेतून पंधरा मिनिटांत. आपल्याकडे ते बहुतेक ठिकाणी कपाटात नसतं. असेल तर आधी रक्ताचे नमुने घ्या, कारण त्याच्या गडद लाल रंगामुळे को-ऑक्सिमीटरसकट बऱ्याच तपासण्या बिघडतात. नसेल तर सोडियम थायोसल्फेट, १२.५ ग्रॅम सावकाश. या गृहस्थांना आम्ही तेच दिलं. त्याचा परिणाम हळू होतो, तरीही द्यावं. जुन्या किटमधलं सोडियम नायट्राइट मात्र धुराच्या रुग्णाला देऊ नका. ते हिमोग्लोबिनचं मेथिमोग्लोबिन करतं, आणि इथे ऑक्सिजन वाहायला हिमोग्लोबिन आधीच कमी उरलेलं असतं.

अग्निशमन दलाचे जवान निघून जायच्या आत त्यांना गाठा आणि काय जळलं ते विचारा. फोम म्हणाले तर सायनाइड, वायरिंग आणि पीव्हीसी म्हणाले तर हायड्रोजन क्लोराइड, लाकूड आणि कापूस म्हणाले तर ॲक्रोलिन. केसपेपरवर "धुराचा संपर्क" एवढंच लिहिलेलं असतं, त्यातून काहीच कळत नाही.

आता घसा. कोरडी गरम हवा स्वतःबरोबर फार थोडी उष्णता वाहते, आणि नाक, तोंड, घसा ती उष्णता वरच्यावर शोषून घेतात. शिवाय स्वरयंत्र आपोआप मिटतं. त्यामुळे उष्णतेची इजा बहुतेक वेळा स्वरयंत्राच्या वरच राहते. वाफ याला अपवाद, ती खालपर्यंत भाजत जाते. घशाची ही सूज लगेच दिसत नाही. ती पुढच्या बारा ते चोवीस तासांत वाढत जाते, आणि अंगाचं भाजणं मोठं असून सलाइन जोरात चालू असेल तर आणखी. लहान मुलांत हे फार लवकर हाताबाहेर जातं. चार मिलिमीटर व्यासाच्या श्वासमार्गात सगळीकडून एक मिलिमीटर सूज आली तर मार्गाचा पाऊणभाग बंद होतो.

तरीही चेहऱ्यावर काजळी दिसली की टाक ट्यूब, असं मी सांगणार नाही. नाकातले केस जळणं ही खूण एकटीनं फारशी भरवशाची नाही, आणि नको असताना घातलेल्या ट्यूबचे त्रास खरे असतात. मी आवाजावर भर देते. घोगरा झालेला आवाज, गिळताना दुखणं, तोंडातून गळणारी लाळ, आणि श्वास घेताना येणारा घरघराट. शेवटची खूण दिसली म्हणजे उशीर झालेला असतो. शंका असेल तर ईएनटीच्या रेसिडेंटला बोलावून नाकातून दुर्बीण घालून बघायला लावा, आणि सूज नसेल तर काही तासांनी परत बघा. तोवर रुग्णाचं डोकं वर ठेवा, आणि दर अर्ध्या तासानं त्याला एक पूर्ण वाक्य बोलायला लावून तुम्ही स्वतः ऐका.

या गृहस्थांचा आवाज तासाभरात आणखी बसला. दुर्बिणीतून स्वरयंत्राच्या मागचा भाग सुजलेला आणि स्वररज्जूंवर काजळी दिसली. गोंधळलेपण होतंच. आम्ही ८ नंबरची ट्यूब टाकली. मोठी ट्यूब घ्यायची कारण पुढे तिच्यातून ब्रॉन्कोस्कोप घालून साफसफाई करायची असते. ती कापून आखूड करायची नाही, कारण ओठ आणि गाल सुजले की आखूड ट्यूब आत ओढली जाते. भाजलेल्या चेहऱ्यावर चिकटपट्टी धरत नाही, ती कापडी फितीनं बांधायची, आणि सूज वाढेल तशी फीत सैल करत राहायची.

पहिल्या दिवशीचा छातीचा एक्स-रे अगदी स्वच्छ होता. तो तसाच असतो, त्यावर विसंबू नका. ब्रॉन्कोस्कोपीत दोन्ही बाजूंच्या नलिकांत काजळी आणि लालसर, सुजलेलं अस्तर होतं. काजळी नुसती काळी धूळ नसते. तिच्या कणांवर आम्लं आणि ॲल्डिहाइड्स बसलेली असतात, आणि बारीक कण ती खोलवर नेऊन पोचवतात. तिथलं अस्तर सुटतं, कफ वर ढकलणारे सूक्ष्म केस बंद पडतात, आणि सुटलेलं अस्तर, कफ व रक्तातलं फायब्रिन यांचे घट्ट साचे नलिकांत बसतात.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांचं सॅच्युरेशन अचानक ८४ वर आलं आणि व्हेंटिलेटरवरचा दाब चढला. तोवर कार्बन मोनॉक्साइड उतरलेला असल्यामुळे हा आकडा आता खरा होता. डाव्या बाजूला हवा जात नव्हती. अशा वेळी न्यूमोथोरॅक्सचा विचार आधी करायचा. अल्ट्रासाउंडनं तो नाही हे बघितलं आणि ब्रॉन्कोस्कोप घातला. डाव्या मुख्य नलिकेतून बोटाच्या पेराएवढा काळपट साचा निघाला आणि दहा मिनिटांत सॅच्युरेशन ९५ झालं.

हे साचे होऊ नयेत म्हणून बऱ्याच युनिट्समध्ये हेपारिनचं नेब्युलायझेशन देतात, साधारण ५,००० युनिट, आणि त्याला आलटून पालटून ॲसिटिलसिस्टीन. ॲसिटिलसिस्टीननं नलिका आवळतात, म्हणून आधी साल्ब्युटामॉल. याचा पुरावा मिश्र आहे, तरी मी देते. पण वेळच्या वेळी सक्शन, कूस बदलणं आणि फिजिओथेरपी याहून माझा विश्वास दुसऱ्या कशावर नाही. स्टिरॉइड आणि "असू दे" म्हणून दिलेली अँटिबायोटिक्स यांचा उपयोग नाही. ताप, घट्ट पिवळा कफ आणि एक्स-रेवर नवीन डाग दिसला की कल्चर पाठवून मग औषध ठरवा.

सहाव्या दिवशी ट्यूबचा फुगा सैल केल्यावर तिच्या बाजूनं हवा सुटू लागली, म्हणजे घशाची सूज उतरली होती, आणि ट्यूब काढली. घरी जाताना त्यांच्या बायकोला आम्ही एक गोष्ट नीट समजावली. कार्बन मोनॉक्साइडचा मेंदूवरचा परिणाम कधीकधी माणूस बरा झाल्यावर, काही दिवसांपासून काही आठवड्यांनी परत डोकं वर काढतो. विसरभोळेपणा, चिडचिड, चालताना पाय अडखळणं किंवा लघवीवरचा ताबा जाणं, यातलं काही दिसलं तर वयामुळे होतंय असं समजून थांबायचं नाही, लगेच आणायचं. डिस्चार्ज कार्डावर हे मराठीत, सुटसुटीत अक्षरात लिहा, आणि त्याखाली सहा आठवड्यांनंतरची न्यूरॉलॉजी ओपीडीची तारीख घाला.