पास होऊनही प्रोबेशन लागतं, ते असं

यवतमाळ-वाशिमकडून अमेरिकेत एमएसला निघालेल्यांना एक हिशोब आधीच माहीत हवा. आपल्याकडे ‘पास झालो ना बावा’ म्हटलं की विषय संपतो. तिथे बहुतेक विद्यापीठांत पदव्युत्तर विद्यार्थ्याची ग्रेडची सरासरी चारपैकी ३.० च्या खाली गेली की अकॅडेमिक प्रोबेशन, म्हणजे लेखी ताकीद आणि सुधारायला ठरावीक मुदत.

समजा, पहिल्या सेमिस्टरला तीन-तीन क्रेडिटचे तीन कोर्स घेतले. बी, बी आणि सी मिळाले. बीचे ३ गुण, सीचे २. क्रेडिटने गुणून २४. भागिले ९, म्हणजे २.६७. तिन्ही पास, तरी प्रोबेशन! पुढच्या तीन कोर्सांत एक ए (४ गुण) आणि दोन बी आले, तर सरासरी बरोबर ३.० होते.

जड कोर्स मध्येच सोडावासा वाटेल. पण क्रेडिट सहावर आले, तर बऱ्याच ठिकाणी पूर्णवेळचा दर्जा जातो आणि एफ-१ व्हिसा अडचणीत येतो. त्यामुळे आधी आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला विचारा, मगच सोडा.

कोर्सला प्रीरिक्विझिट, म्हणजे आधी केलेला विषय, लागत असेल आणि तो तुम्ही इथे शिकला असाल, तर त्याचा अभ्यासक्रम विभागाला नोंदणीआधीच पाठवा.