घसाऱ्याचा चेक कुणाच्या नावानं फाडलास?

प्रिय विद्यार्थी मित्रा,

'हे मशीन घ्यावं का?' या चौथ्या प्रश्नाला शून्य का दिलं, ते समासात मावेना म्हणून हे पत्र. आकडेमोड तुझी बिनचूक आहे, पण डिस्काउंट केलंस, म्हणजे पुढच्या वर्षांतून आजच्या मूल्यात आणलंस, ते भलतंच.

मशीन १० लाखांचं, आयुष्य ५ वर्षं, भंगारात किंमत शून्य. घसारा वर्षाला २ लाख, घसाऱ्याआधीची रोख कमाई ३.२ लाख, कर २५ टक्के, डिस्काउंट दर १२ टक्के. घसारा आणि ३० हजार कर वजा करून तू ९० हजार करोत्तर नफा काढलास. त्याला ५ वर्षांच्या ३.६०५ या फॅक्टरनं गुणलंस, आले ३.२४ लाख. त्यातून १० लाख वजा केलेस आणि एनपीव्ही, म्हणजे निव्वळ वर्तमान मूल्य, उणे ६.७६ लाख म्हणून प्रकल्प मोडीत काढलास.

आता सांग, मशीनचे पैसे किती वेळा मोजलेस? पहिल्या दिवशी १० लाख दिलेस, आणि तेच पुन्हा दरवर्षी २-२ लाख करून कापलेस. घसारा ही वहीतली नोंद आहे, त्या दिवशी बँकेतून काहीच जात नाही. म्हणून कर काढून झाल्यावर तो परत मिळवायचा: ०.९ अधिक २, म्हणजे २.९ लाख. त्याचं वर्तमान मूल्य १०.४५ लाख. एनपीव्ही अधिक ४५ हजार!

मग घसारा मुळातच सोडून द्यावा का? अजिबात नाही. तो नसता तर कर ३० ऐवजी ८० हजार भरावा लागला असता. ते वाचलेले ५० हजार खरी रोख आहेत.

क्लासवाले 'पॅट अधिक डेप्रिसिएशन', म्हणजे करोत्तर नफा अधिक घसारा, एवढंच घोकून घेतात. त्या सूत्राचा मला राग आहे, कारण मी त्यातच फसलो होतो. आर्टिकलशिपमध्ये एका प्रकल्प अहवालात घसारा ऐटीत परत मिळवला आणि उधारी विसरलो. विक्री वहीत चढते, पैसे मात्र गिऱ्हाइकाकडे असतात. शिवाय गोदामातला माल. साहेबांनी अहवाल माझ्यापुढे सरकवून एवढंच विचारलं, "पगार कशातून देणार?" त्या रात्री झोप लागली नाही.

तुझ्याच उदाहरणात सुरुवातीला उधारी आणि मालात दीड लाख खेळतं भांडवल अडकलं आणि पाचव्या वर्षाअखेर पूर्ण सुटलं असं धर. सुटलेल्या दीड लाखाचं आजचं मूल्य ८५ हजार, म्हणजे ६५ हजारांचा फटका. अधिक ४५ हजारांचे उणे सुमारे वीस हजार होतात. उत्तर पुन्हा 'नाकारा', पण या वेळी कारण खरं आहे.

घाबरू नकोस, ही चूक नोकरीत केली असतीस तर महागात पडली असती. एक्सेलचं टेम्प्लेट मात्र कुणाकडून आणू नकोस. कागदावर शून्य ते पाच असे रकाने आख आणि प्रत्येक आकड्यापुढे लिही, पैसे कोणत्या वर्षी बँकेत आले किंवा गेले. ज्याच्यापुढे वर्ष लिहिता येणार नाही, तो खोड. सोमवारी तो कागद घेऊन ये.

तुझे सर