बंद दाराचं स्वप्न कसं वाचावं

जाग आल्याबरोबर स्वप्न कागदावर उतरवा, विसंगती तशाच ठेवून. आठवलेली ही गोष्ट म्हणजे मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइड याच्या भाषेत प्रकट आशय. तिच्यामागचे विचार म्हणजे सुप्त आशय.

माझं स्वप्न असं: हिरवं दार, त्याला पितळी कुलूप. हातात किल्ल्यांचा जुडगा, पण एकही लागत नाही. त्याची चिंता मात्र नाही. जीव कासावीस होतोय तो दारात आईच्या चपला दिसत नाहीत म्हणून.

आता तुकडे पाडा आणि आदल्या दिवशीचं काय शिरलंय ते बाजूला काढा. ऑफिसच्या ड्रॉवरची किल्ली हरवली होती, तिथून जुडगा आला. झालं.

पुढची पायरी मात्र अवघड. 'दार म्हणजे संधी' छापाची स्वप्नफळांची पुस्तकं आधी मिटा. फ्रॉइडनेही दार-किल्लीला लैंगिक प्रतीकं म्हटलंय, पण प्रतीकांचं ज्ञान हे स्वप्न पाहणाऱ्याला काय सुचतं त्याला जोड म्हणून, त्याच्याऐवजी नव्हे. मी पहिली दोन वर्षं प्रतीकंच लावत बसलो आणि प्रत्येक स्वप्नातून एकच अर्थ काढला. तुमचा अर्थ शेजाऱ्याच्या स्वप्नालाही जसाच्या तसा बसत असेल, तर तो चुकलाय.

एकेक तुकडा घ्या आणि मनात येईल ते लिहा. फालतू, लाजिरवाणं, काहीही गाळू नका. चपलांवरून मला जागेच्या वाटणीची बैठक आठवली. आईच्या चपला दाराबाहेर होत्या, आत सगळे तिच्याविरुद्ध बोलत होते. कुलपापाशी मात्र अडलो. 'कुलूप म्हणजे कुलूप, त्यात काय!' असं चिडून लिहिलं. अशी चिडचिड झाली की तिथेच थांबायचं, कारण अडवणूक तिथेच असते. दहा मिनिटांनी शब्द आले: तोंडाला कुलूप. त्या बैठकीत मी एक अक्षर बोललो नव्हतो.

स्वप्नाला 'मी गप्प बसलो' हे चित्रात दाखवायचं होतं, म्हणून त्याने वाक्प्रचार अक्षरशः घेतला. बैठकीतली शरम चपलांवर सरकवली. याला विस्थापन म्हणतात. म्हणून भावना जिथे विनाकारण जास्त वाटते, तिथून सुरुवात करणं बरं.

फ्रॉइडच्या मते स्वप्न एखादी इच्छा पुरी करतं. म्हणून शेवटी विचारा, यात इच्छा कोणती? मी 'आईची माफी मागायची आहे' असं लिहून मोकळा झालो होतो. ते फारच सज्जनपणाचं होतं. जुडगा पुन्हा वाचला: किल्ल्या होत्या, मी प्रयत्नही केला, त्या लागल्या नाहीत. म्हणजे बोललो नाही यात माझा दोष नाही! १८९५च्या जुलैत फ्रॉइडला त्याच्या रुग्ण इर्माबद्दल पडलेल्या स्वप्नाची इच्छा त्याने हीच सांगितली होती: तिचं दुखणं बरं झालं नाही, त्याला जबाबदार मी नाही.

दाराच्या हिरव्या रंगाला काही सुचलं नाही. तो तसाच सोडला.