मराठी स्पीच रेकग्निशन मॉडेलचा प्रस्ताव महाविद्यालयाच्या समितीसमोर कसा मांडावा

समितीतील बहुतेक सदस्य संगणकशास्त्राचे नसतात, त्यामुळे प्रस्तावाच्या पहिल्याच परिच्छेदात मॉडेल कोणाचे, कोणत्या विषयावरचे आणि कोणत्या परिस्थितीतले बोलणे लिहून काढणार आहे, हे स्पष्ट करावे. ‘मराठी ओळखणारे मॉडेल’ एवढे म्हणणे पुरेसे नाही. उदाहरणासाठी अमरावतीच्या एखाद्या महाविद्यालयाचा प्रस्ताव घेऊ: वऱ्हाडी बोलणाऱ्या शेतकऱ्यांनी मोबाइलवर विचारलेले कापसाविषयीचे प्रश्न लिहून काढणे. मॉडेल शून्यापासून घडवायचे नाही; 24.4 कोटी पॅरामीटरचे, आधीच प्रशिक्षित असलेले `whisper-small` आपल्या ध्वनिमुद्रणांवर पुढे शिकवायचे आहे, हेही तिथेच सांगावे.

माहितीसंकलनाची योजना

40 वक्ते आणि प्रत्येकाची 15 मिनिटे, म्हणजे एकूण 10 तास, हा सुरुवातीसाठी झेपणारा आकडा आहे. ध्वनिमुद्रण 16 किलोहर्ट्झ, 16 बिट, मोनो ठेवल्यास तासाला सुमारे 115 एमबी लागतात, त्यामुळे साठवणुकीचा प्रश्न फारसा येत नाही. वक्त्यांच्या हाती छापील वाक्ये मात्र देऊ नयेत. कागद समोर आला की ‘मले’ म्हणणारा माणूस ‘मला’ वाचतो आणि ज्या बोलीसाठी प्रकल्प हाती घेतला, तीच हातातून निसटते. त्याऐवजी कीड लागलेल्या बोंडाचे छायाचित्र दाखवून ‘काय झालंय, सांगा’ असे विचारावे.

लेखनाचा नियम प्रस्तावातच ठरलेला असावा. ऐकू आले तसे ‘मले’ लिहायचे की प्रमाण ‘मला’ लिहायचे? माझ्या मते ऐकू आले तसेच लिहावे, कारण प्रमाण रूप नंतर तयार करता येते, पण एकदा पुसलेली बोली परत मिळत नाही. ‘दीडशे’ आणि ‘150’ यांपैकीही एकच रूप निवडावे.

लेखनाला लागणारा वेळ अंदाजाने लिहू नये. 10 मिनिटांचा नमुना आधी स्वतः लिहून पाहावा. त्याला 70 मिनिटे लागली, तर 10 तासांना 70 तास लागतील, आणि दुसऱ्या व्यक्तीच्या तपासणीचा वेळ वेगळा धरावा लागेल. ध्वनिमुद्रणापूर्वी घ्यायच्या लेखी संमतीचा मराठी नमुना प्रस्तावाला जोडावा. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यामुळे समिती तो मागणारच.

वाटणी

30 वक्ते प्रशिक्षणासाठी, 4 पडताळणीसाठी आणि 6 अंतिम चाचणीसाठी ठेवावेत. वाटणी वक्त्यांची करावी, वाक्यांची नव्हे. आमच्या एका प्रयोगात आम्ही वाक्ये मिसळून वाटली होती. आकडे फार छान आले, पण नवा माणूस बोलताच मॉडेल अडखळले, कारण चाचणीतले सगळे आवाज त्याने आधीच ऐकलेले होते.

संगणकीय गरज

प्रशिक्षणाच्या नेहमीच्या पद्धतीत प्रत्येक पॅरामीटरमागे 16 बाइट मेमरी लागते, म्हणजे या मॉडेलसाठी सुमारे 4 जीबी; मधल्या गणनांसाठी आणखी जागा धरली तरी 16 जीबीचे एक जीपीयू कार्ड पुरते. वेळेसाठी अर्ध्या तासाच्या मुद्रणावर एक फेरी चालवून पाहावी. तिला 2 मिनिटे लागली, तर साडेसात तासांच्या प्रशिक्षण-मुद्रणाला 30 मिनिटे आणि 5 फेऱ्यांना अडीच तास लागतील. असे 8 प्रयोग धरले तर 20 तास होतात; मागणी 40 तासांची करावी, कारण काही प्रयोग मध्येच बंद पडतात.

मूल्यमापन

इथेच सर्वाधिक काळजी घ्यावी. मुख्य माप वर्ड एरर रेट: ‘मले कापसाचा भाव सांगा’ ऐवजी ‘मला कापसाचा भाव सांगा’ आले, तर चारात एक शब्द चुकला, म्हणजे 25 टक्के. पण ‘घरासमोरच्या’ हा शब्द मॉडेलने ‘घरा समोरच्या’ असा तोडला, तर एका मोकळ्या जागेपायी दोन चुका मोजल्या जातात. म्हणून अक्षरांच्या चुकांचा दरही शेजारी द्यावा.

व्हिस्परसोबत येणारे, इंग्रजी सोडून इतर भाषांसाठीचे मजकूर-सफाईचे साधन मराठीला वापरू नये. ते मात्रांना चिन्हे समजून काढून टाकते; मग ‘मले’ आणि ‘मला’ दोन्ही ‘मल’ होतात आणि चूक दिसेनाशी होते. आपली सफाई स्वतः लिहावी. ‘वाऱ्यावर’मधला ऱ्य दोन प्रकारे टंकित होतो, दिसतो मात्र सारखाच, त्यामुळे दोन्ही रूपे आधी एक करावीत:

```python
import unicodedata
def saf(s):
    s = unicodedata.normalize("NFC", s)
    return s.replace("र्\u200d", "ऱ्")
```

प्रशिक्षणापूर्वी मूळ मॉडेल त्याच 6 वक्त्यांवर चालवून त्याचा दर नोंदवावा आणि अहवालात प्रत्येक वक्त्याचा दर वेगळा द्यावा. सरासरी सुधारली, पण एखाद्या वयस्क वक्त्याचा दर मूळ मॉडेलपेक्षा वाढला, तर त्या वयोगटाचे मुद्रण वाढवून प्रशिक्षण पुन्हा करण्याची तरतूद वेळापत्रकात आधीच लिहून ठेवावी.