घर सोडण्यापूर्वी डाग कसे काढले: घरमालकांना पत्र

माननीय काका,
स.न.वि.वि.

येत्या रविवारी आपण घर पाहायला येणार आहात, त्यापूर्वी कोणत्या डागावर काय वापरले हे लेखी कळवणे मला योग्य वाटते.

हॉलच्या भिंतीला प्लॅस्टिक पेंट असल्याने मुलीने ओढलेल्या खडूच्या रेघा ओल्या मऊ फडक्यावर चिमूटभर खाण्याचा सोडा घेऊन हलक्या हाताने पुसल्या. आधी दारामागच्या कोपऱ्यात करून पाहिले, कारण जोराने घासल्यास तेवढाच भाग चकाकतो आणि उजेडात तिरके पाहिले की दिसतो. आतल्या खोलीत मात्र डिस्टेंपर आहे. ओल्या फडक्याला तिथला रंगच लागतो, म्हणून तिथे फक्त कोरड्या कापडाने धूळ झटकली असून पलंगामागचा तेलकट पट्टा तसाच आहे.

स्वयंपाकघरात सिलेंडरच्या बुडाचे गंजाचे कडे व्हिट्रिफाइड फरशीवर उमटले होते. त्यावर लिंबाचा रस आणि मीठ पंधरा मिनिटे ठेवून नायलॉनच्या ब्रशने घासले व भरपूर पाण्याने धुतले; फरशी स्वच्छ झाली, सांध्यातील सिमेंटमध्ये फिकट तांबूस रेघ राहिली आहे. देवघरासमोरच्या संगमरवरावर लिंबू, व्हिनेगर किंवा अ‍ॅसिड मुद्दाम लावले नाही, कारण आम्लाने संगमरवर झिजून त्याची झिलई कायमची जाते. तिथला तेलाचा डाग सोड्याचा घट्ट लेप रात्रभर ठेवून बराच फिका झाला आहे.

राहिलेल्या तिन्ही खुणांचे फोटो सोबत जोडले आहेत. अनामत रकमेचा हिशेब आपण त्या प्रत्यक्ष पाहूनच करावा, ही विनंती.

आपला नम्र,
भाडेकरू