लीव्हरेज घेतलेल्या क्रिप्टो फ्युचर्स पोझिशनचा लिक्विडेशन भाव कसा राखावा आणि मार्जिन भरण्याचे अलर्ट कसे लावावेत

लीव्हरेज घेऊन उघडलेल्या पोझिशनवर अलर्ट लावताना बहुतेक जण एखादा गोल आकडा निवडतात आणि भाव तिथे आला की फोन वाजेल अशी व्यवस्था करतात. ही पद्धत अपुरी आहे, कारण लिक्विडेशन भाव, म्हणजे ज्या भावाला एक्स्चेंज पोझिशन सक्तीने बंद करते तो भाव, स्वतःच सरकत असतो आणि फोन वाजल्यावर नेमके किती पैसे भरायचे हे तिथे ठरलेले नसते. म्हणून येथे आयसोलेटेड मार्जिनमधील, यूएसडीटीमध्ये हिशेब होणारी एक लाँग पोझिशन घेऊन संपूर्ण मांडणी दाखवली आहे. क्रॉस मार्जिनमध्ये खात्यातील इतर पोझिशनच्या नफ्यातोट्याने लिक्विडेशन भाव सतत हलतो. तिथे खालील सूत्र जसेच्या तसे लागू होत नाही.

पहिली पायरी म्हणजे लिक्विडेशन भाव स्वतः काढून पाहणे. समजा, ६०,००० च्या भावाने ०.१ बिटकॉइनची लाँग पोझिशन १० पट लीव्हरेजवर घेतली. पोझिशनचे मूल्य ६,००० यूएसडीटी आणि मार्जिन ६०० यूएसडीटी झाले. मेंटेनन्स मार्जिनचा, म्हणजे पोझिशन टिकवण्यासाठी लागणाऱ्या किमान मार्जिनचा, दर ०.५ टक्के धरू. प्रत्यक्ष दर एक्स्चेंजच्या तक्त्यात दिलेला असतो आणि पोझिशन मोठी होत गेली की तो वाढतो.

```
लिक्विडेशन भाव = (प्रवेशभाव × नग − मार्जिन) ÷ (नग × (1 − मेंटेनन्स दर))
(60000 × 0.1 − 600) ÷ (0.1 × 0.995) = 54271
```

शॉर्ट पोझिशनसाठी दोन्ही ठिकाणची वजाबाकी बेरीज होते. एक्स्चेंज लिक्विडेशनच्या शुल्काचीही तरतूद करत असेल, तर पडद्यावरचा आकडा यापेक्षा थोडा वेगळा दिसेल. मात्र फरक मोठा असेल, तर मेंटेनन्स दर किंवा मार्जिनचा प्रकार चुकीचा धरला गेला आहे असे समजावे आणि तो उलगडेपर्यंत पुढे जाऊ नये.

दुसरी पायरी अंतर मोजण्याची आहे, आणि हे अंतर मार्क प्राइसपासून मोजावे. लिक्विडेशन शेवटच्या सौद्याच्या भावावर होत नाही. ते अनेक बाजारांतील भावांवरून काढलेल्या मार्क प्राइसवर होते. चार्टवर सहसा शेवटच्या सौद्याचा भाव दिसतो आणि पडझडीत या दोन भावांत तफावत पडते, म्हणून चार्टवर लावलेला अलर्ट कधी विनाकारण वाजतो आणि कधी उशिरा. मार्क प्राइसमधून लिक्विडेशन भाव वजा करून त्याला मार्क प्राइसने भागले की टक्केवारीतील अंतर मिळते. आपल्या उदाहरणात पोझिशन उघडताना ते सुमारे ९.५ टक्के आहे.

या अंतरावर तीन टप्पे ठेवावेत. अंतर ६ टक्क्यांवर आले, म्हणजे मार्क प्राइस ५७,७३५ च्या आसपास आली, की पहिला अलर्ट केवळ सावध करण्यासाठी. ४ टक्क्यांवर, म्हणजे ५६,५३२ ला, दुसरा अलर्ट मार्जिन भरण्यासाठी. २.५ टक्क्यांवर, म्हणजे ५५,६६३ ला, तिसरा अलर्ट पोझिशन कमी करण्यासाठी. अलर्टमध्ये भाव न लिहिता टक्केवारी लिहिण्याचे कारण असे की मार्जिन भरल्यावर लिक्विडेशन भाव खाली जातो आणि टप्पेही आपोआप त्याच्याबरोबर खाली जातात.

किती मार्जिन भरायचे, हे शांत डोक्याने आधीच ठरवावे. दुसरा अलर्ट वाजल्यावर अंतर पुन्हा ७ टक्के करायचे असेल, तर लिक्विडेशन भाव ५६,५३२ च्या ९३ टक्क्यांवर, म्हणजे ५२,५७५ ला न्यावा लागेल. तो १,६९६ ने खाली यायला हवा. या फरकाला ०.०९९५ ने, म्हणजे नग आणि (१ − मेंटेनन्स दर) यांच्या गुणाकाराने गुणले की साधारण १७० यूएसडीटी येतात. हाच आकडा अलर्टच्या मजकुरात लिहून येईल अशी व्यवस्था करावी, म्हणजे घाईत गणित करावे लागत नाही. त्याचबरोबर एकूण किती भरायचे याची मर्यादाही ठरवावी. ती ३०० यूएसडीटी असेल, तर लिक्विडेशन भाव ५१,२५६ पर्यंतच नेता येतो आणि पोझिशन वाचली नाही तर ६०० ऐवजी ९०० यूएसडीटी जवळजवळ पूर्ण जातात. ही किंमत मान्य नसेल, तर मार्जिन भरण्याची योजनाच करू नये. ठरलेल्या ठिकाणी स्टॉप-लॉस लावून तोटा स्वीकारणे अधिक योग्य. काही एक्स्चेंजवर मार्जिन आपोआप भरण्याची सोय असते, पण त्यात मर्यादा घालता येत नसेल तर फ्युचर्स वॉलेटमधील सगळी शिल्लक एकाच पोझिशनमागे ओढली जाऊ शकते.

राखीव रक्कम फ्युचर्स वॉलेटमध्येच आणि मार्जिनच्याच चलनात असावी. ती बाहेरच्या वॉलेटमध्ये असेल, तर ब्लॉकचेनवरची पुष्टी होईपर्यंत पोझिशन गेलेली असू शकते.

अलर्टची यंत्रणा स्वतः चालवायची असेल, तर एपीआय की फक्त वाचनाच्या परवानगीची घ्यावी. पैसे काढण्याची परवानगी देण्याचे काहीही कारण नाही. मूळ तपासणी एवढीच आहे:

```python
gap = (mark - liq) / mark
if time.time() - mark_ts > 15:
    notify("मार्क प्राइस येणे थांबले आहे")
elif gap < 0.025:
    notify("पोझिशन कमी करा")
elif gap < 0.04:
    notify("मार्जिन भरा")
elif gap < 0.06:
    notify("लक्ष ठेवा")
```

यातील पहिली अट सर्वांत महत्त्वाची आहे. वेबसॉकेटची जोडणी कधीकधी कोणतीही चूक न दाखवता मुकी होते. प्रोग्राम जुनाच भाव धरून बसतो आणि सगळे ठीक असल्याचे भासते. संपूर्ण प्रोग्रामच बंद पडला तर ही अटही उपयोगी पडत नाही, म्हणून तो चालू असल्याचा संदेश ठरावीक वेळाने दुसऱ्या ठिकाणी पाठवावा आणि तो आला नाही तर तिथून फोन वाजावा. अंतर ४ टक्क्यांच्या वरखाली घुटमळू लागले की संदेशांचा मारा होतो. त्यासाठी एकदा वाजलेला टप्पा अंतर काहीसे वाढल्याशिवाय पुन्हा वाजू देऊ नये.

लिक्विडेशन भाव एकदा काढून न ठेवता दर वेळी एक्स्चेंजकडून ताजा घ्यावा. फंडिंग, म्हणजे लाँग आणि शॉर्ट बाजूंनी ठरावीक वेळाने एकमेकांना द्यायची रक्कम, पोझिशनच्या मार्जिनमधून कापले जात असेल, तर दर आठ तासांना ०.०१ टक्के या दराने ६,००० च्या पोझिशनवर महिन्याला सुमारे ५४ यूएसडीटी जातात आणि भाव न हलताही लिक्विडेशन भाव जवळपास ५४० ने वर चढतो.

तिसऱ्या अलर्टवर पोझिशन कमी करताना एक गोष्ट हमखास चुकते. अनेक एक्स्चेंजवर अर्धी पोझिशन बंद केली की तिच्या वाट्याचे मार्जिनही मोकळे होते, त्यामुळे उरलेल्या अर्ध्या पोझिशनचा लिक्विडेशन भाव ५४,२७१ च राहतो. ५५,६६३ ला अर्धी पोझिशन विकल्यास सुटलेल्या ३०० पैकी सुमारे २१७ तोट्यात जातात आणि ८३ हाती उरतात. ते उरलेल्या पोझिशनमध्ये स्वतः भरले तरच लिक्विडेशन भाव सुमारे ५२,६०० ला उतरतो.

अलर्टच्या जोडीला एक्स्चेंजवर मार्क प्राइसने चालणारा स्टॉप-लॉस असावा. तो लिक्विडेशन भावाच्या साधारण २ टक्के वर, आपल्या उदाहरणात ५५,३५० च्या आसपास ठेवावा आणि मार्जिन भरल्यावर खाली सरकवावा. १२ मार्च २०२० रोजी बिटकॉइन एका दिवसात एक तृतीयांशाहून अधिक घसरला होता. अशा दिवशी १० पट लीव्हरेजची पोझिशन अलर्ट वाचून, लॉगिन करून, मार्जिन भरून वाचवता येईल असे गृहीत धरता येत नाही, आणि वेगवान पडझडीत स्टॉप-लॉसचा सौदाही ठरलेल्या भावापेक्षा खाली होऊ शकतो.

शेवटी यंत्रणेची चाचणी घ्यावी. पहिल्या टप्प्याची टक्केवारी सध्याच्या अंतरापेक्षा थोडी जास्त ठेवली की अलर्ट लगेच वाजायला हवा, तोही फोन सायलेंटवर असताना. नंतर फक्त वेबसॉकेटची जोडणी तोडून भाव थांबल्याचा अलर्ट आणि प्रोग्राम बंद करून बाहेरचा अलर्ट येतो का, हे पाहावे. मग एकदा अगदी लहान रक्कम पोझिशनमध्ये भरून पडद्यावरचा लिक्विडेशन भाव सूत्राप्रमाणे हलला का, हे तपासावे. १० यूएसडीटी भरल्यावर आपल्या उदाहरणात तो सुमारे १०० ने खाली आला पाहिजे.