भूजलाच्या सादरीकरणात मोजणी कोणती, मत कोणतं? प्रश्न असे विचारा

समजा, मराठवाड्यातल्या एखाद्या तालुक्यात सादरीकरण चाललंय आणि पडद्यावर एकच वाक्य आहे: ‘पाणीपातळी २ मीटर खाली गेली, उपसा १०५ टक्के झाला, म्हणून उसावर बंदी हवी.’ वहीत याचे तीन तुकडे करा. पहिला मोजलेला आहे, दुसरा हिशेबाने काढलेला, तिसरा मताचा. प्रत्येकाला प्रश्न वेगळा.

पहिल्या तुकड्यावर सर्वांत जास्त वेळ घालवा. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे महिन्यांत मोजते. म्हणून विचारा, “हे २ मीटर कोणत्या महिन्याचे, आणि किती वर्षांच्या सरासरीशी ताडून काढले?” ऑक्टोबर ते मे पातळी उतरतेच, त्यावरून काही सिद्ध होत नाही. लगेच त्या वर्षीचा पाऊस विचारा. दुष्काळी वर्षातली घट मुख्यतः पुनर्भरण कमी झाल्याने असू शकते. पाऊस सरासरीइतका पडूनही मे महिन्याची पातळी वर्षानुवर्षे खाली जात असेल, तर मात्र उपशावरचा संशय पक्का होत जातो. आणि “कोरड्या पडलेल्या विहिरी सरासरीत कशा धरल्या?” हे विसरू नका. त्या वगळल्या तर उरलेल्या बऱ्या विहिरींमुळे खरी घट झाकली जाते.

मग विचारा, खडक कोणता? आपल्या काळ्या पाषाणाच्या झिजलेल्या थरातून मोकळं होणारं पाणी आकारमानाच्या साधारण २ टक्के धरतात. म्हणजे २ मीटर घट म्हणजे ४० मिलिमीटर पाणी, हेक्टरी ४ लाख लिटर. पंजाबच्या गाळाच्या जमिनीत तेवढ्याच घटीत कितीतरी जास्त पाणी गेलेलं असतं. त्यामुळे तिथला आलेख इथे आणून दाखवला तर जरूर हटका.

दुसरा तुकडा: १०५ टक्के, म्हणजे वर्षभरात उपसण्याजोगं जेवढं भूजल आहे त्याच्या तुलनेत उपसा. बहुतेक विहिरींना मीटर नसतो. विहिरींची संख्या आणि दर विहिरीचा अंदाजे उपसा यांचा गुणाकार करून उपशाचा आकडा येतो. “विहिरींची गणना कधीची? बोअर धरले का? अंदाज दहा टक्के चुकला तर वर्ग बदलतो का?” १०० टक्क्यांच्या वर गेलं की ‘अतिशोषित’ म्हणतात. ही रेघ तज्ज्ञांनी ठरवलेली आहे. १०५ आणि ९५ मध्ये त्या रेघेइतका फरक जमिनीखाली असेलच असं नाही.

आता ‘बंदी हवी’. हवी, पाहिजे, करावी अशी क्रियापदं आली की पेन थांबवा. पण मत म्हणून ते सोडून देऊ नका, त्याच्या पोटात एक तपासता येणारं विधान आहे: बंदीने पातळी वाढेल. “कुठे वाढली? शेजारच्या बंदी नसलेल्या गावांत त्याच काळात काय झालं?” उरतो तो निवडीचा प्रश्न: ऊस सोडायचा, ठिबक सक्तीचं करायचं की पाण्याची वाटणी करायची, आणि तोटा कोणी सोसायचा. तो मोजणीतून सुटत नाही. तिथे सरळ विचारा, “साहेब, हे तुमच्या खात्याचं धोरण आहे की तुमचं स्वतःचं मत?”